काकूंचे अठरा हजार

प्रश्न: सर, मी इंदूरला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐकीव पुरावा चालत नाही असं वाचतो आणि लगेच खाली अपवादांची रांग लागते. सिद्धतेचा भार सरकतो की सरकत नाही, हेही दोन पुस्तकांत दोन तऱ्हेने लिहिलंय. खुनाचे खटले नकोत. एखाद्या साध्या भांडणावरून दोन्ही समजावून सांगाल का?

उत्तर:

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या ज्युनियरला मी एकच रचलेलं भांडण देतो, तेच इथे देतो. रामबागेत राहणाऱ्या एक काकू घरी फराळ करून विकतात. समोरच्या खोलीतला टेम्पोवाला त्यांचे डबे सराफ्यापर्यंत पोचवतो. काकूंचं म्हणणं असं: जून महिन्यात त्याचा टेम्पो गॅरेजमध्ये अडकला, म्हणून मी त्याला 18,000 रुपये रोख हातउसने दिले. दिवाळीच्या आत देतो म्हणाला, अजून दिले नाहीत. चिठ्ठी नाही, सही नाही, बँकेतून काही गेलेलं नाही.

काकू वकिलाकडे येतात तेव्हा पिशवीतून पाच गोष्टी काढतात. घरकाम करणाऱ्या मावशी साक्ष द्यायला तयार आहेत. दूधवाला तयार आहे. काकूंची हिशोबाची वही आहे. टेम्पोवाल्याने मोबाइलवर पाठवलेला एक व्हॉइस मेसेज आहे. आणि पाचवी गोष्ट म्हणजे काकूंच्या सासूबाई, ज्यांनी पैसे देताना पाहिलं होतं. त्या मधल्या काळात वारल्या, पण मरण्याआधी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं होतं.

यातलं काय चालेल, या प्रश्नाला विद्यार्थी लगेच हात घालतात. मी त्यांना थांबवतो. आधी समोरचा काय म्हणतोय ते वाचा. त्याचा जवाबदावा (पुण्याकडचे वकील याला कैफियत म्हणतील, आपल्याकडे कोर्टाची भाषा हिंदी, त्यामुळे आपण जवाबदावाच म्हणतो) वाचल्याशिवाय कोणाला काय सिद्ध करायचंय हे ठरतच नाही.

समजा टेम्पोवाला लिहितो, "मी काकूंकडून एक रुपयाही घेतला नाही." आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मधलं कलम 104 सांगतं की जो एखादं तथ्य असल्याचं सांगून कोर्टाकडे निकाल मागतो, त्यानेच ते सिद्ध करायचं. भार कोणावर हे ओळखायची कसोटी कलम 105 मध्ये आहे आणि ती मला सगळ्या कायद्यातली सर्वात सोपी वाटते: दोघेही तोंड मिटून बसले, एकही साक्षीदार आला नाही, तर कोण हरेल? जो हरेल त्याच्यावर भार. इथे दोघेही गप्प बसले तर न्यायाधीशांपुढे फक्त एक आरोप आणि एक नकार उरतो. दावा फेटाळला जाईल. म्हणजे भार काकूंवर.

आता तोच टेम्पोवाला दुसरा जवाबदावा लिहितो, "18,000 घेतले होते, पण ऑक्टोबरमध्ये काकूंच्या यजमानांच्या हातात रोख परत केले." पुन्हा तीच कसोटी लावा. दोघेही गप्प बसले तर काय दिसतं? पैसे घेतल्याचं त्याने स्वतःच लिहून दिलंय. जे मान्य केलं ते कलम 53 प्रमाणे सिद्ध करावं लागत नाही. उरला परतफेडीचा दावा, त्याला आधार नाही. म्हणजे टेम्पोवाला हरेल. एका वाक्याने भार पलीकडे गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 1 मध्येही याचा परिणाम दिसतो. एरवी आधी वादी सुरुवात करतो, पण प्रतिवादीने वादीची तथ्यं मान्य करून दुसऱ्याच एखाद्या तथ्याच्या जोरावर दावा उडवायचं ठरवलं तर सुरुवात करायचा हक्क त्याच्याकडे जातो.

"भार सरकतो का" हा तुमचा गोंधळ इथेच सुटतो. पुस्तकं दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतात. पहिली गोष्ट म्हणजे वादप्रश्नावरचा भार. तो लिखित कथनांवरून ठरतो आणि शेवटपर्यंत जागचा हलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पुरावा देण्याची पाळी. ती कॅरमच्या स्ट्रायकरसारखी इकडून तिकडे जाते. काकूंनी विश्वास बसेल इतकं काही पुढे ठेवलं की उत्तर द्यायची पाळी टेम्पोवाल्याची. त्याने पटेल असं उत्तर दिलं की पुन्हा काकूंची. पण सगळं संपल्यावर न्यायाधीशांचा काटा मधोमध राहिला तर हरतो तो मूळ भार ज्याच्यावर होता तोच. सर्वोच्च न्यायालयाने ए. राघवम्मा विरुद्ध ए. चेंचम्मा या निकालात हा फरक स्पष्ट केलाय. परीक्षेत नाव लिहायचं तर हेच लिहा.

मधोमध काटा म्हणजे काय हेही नीट लक्षात घ्या. कायदा तीन अवस्था सांगतो: सिद्ध, नासिद्ध म्हणजे खोटं ठरलेलं, आणि सिद्ध न झालेलं. विद्यार्थी तिसरी विसरतात. काकू हरल्या म्हणजे काकू खोटं बोलल्या, असं कोर्टाने म्हटलं असं नाही. पैसे दिले असावेत आणि दिले नसावेत, दोन्ही सारखंच संभवनीय वाटलं, एवढंच. खऱ्या माणसाचा दावा बहुतेक वेळा या तिसऱ्या खणात पडून बुडतो. दिवाणी दाव्यात काटा थोडा जरी काकूंकडे झुकला तरी पुरतं. काकूंनी पोलिसांत फसवणुकीची तक्रार केली असती तर मात्र वाजवी शंकेला जागा उरू नये इतका पुरावा लागला असता, आणि तोही सरकारी पक्षाने द्यायचा.

इथे एक हुशार विद्यार्थी दरवर्षी हात वर करतो: "सर, पैसे घेतले की नाही हे टेम्पोवाल्याला पक्कं माहीत आहे. मग कलम 109 प्रमाणे त्यानेच सिद्ध करावं ना?" हे कलम, म्हणजे 1872 च्या जुन्या कायद्यातलं 106, एखाद्याच्या खास माहितीतल्या गोष्टीचं आहे. पण पैसे दिले की नाही हे काकूंनाही तितकंच माहीत आहे, त्यात टेम्पोवाल्याचं खास काही नाही. शंभूनाथ मेहरा प्रकरणात 1956 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कलमाच्या आडून ज्याचं काम त्याने दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही. तो फौजदारी खटला होता, पण धडा इथेही लागू आहे.

आता काकूंच्या पिशवीकडे वळू. जवाबदावा पहिला आहे असं धरा, म्हणजे "घेतलेच नाहीत".

कामवाल्या मावशींनी पैसे देताना पाहिलं नाही. त्या मागे भांडी घासत होत्या. पण दोन दिवसांनी जिन्यात टेम्पोवाला काकूंना म्हणाला, "काकू, तुमचे अठरा हजार दिवाळीच्या आत देतो," हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वर्गात विचारलं की निम्मे जण म्हणतात, ऐकलंय म्हणजे ऐकीव. चूक. कलम 55 सांगतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा: पाहायची गोष्ट असेल तर पाहणारा, ऐकायची गोष्ट असेल तर ऐकणारा. जिन्यातलं वाक्य उच्चारलं गेलं का, याबद्दल मावशींची साक्ष प्रत्यक्षच आहे. अडचण पुढच्या पायरीला येते. त्या वाक्यात जे सांगितलंय, म्हणजे 18,000 देणं आहे, ते खरं धरायचं का? ते वाक्य कोर्टाबाहेरचं, शपथेशिवाय बोललेलं आहे. पण बोलणारा स्वतः प्रतिवादी आहे आणि वाक्य त्याच्याच विरुद्ध जातंय. ही कबुली झाली, कलम 15 आणि 19 प्रमाणे काकू ती सिद्ध करू शकतात. ऐकीवाला आपण का घाबरतो? कारण मूळ बोलणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही. इथे मूळ बोलणारा समोरच बसलाय. त्याला स्वतःच्या वाक्याचा खुलासा करायचा असेल तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून करावा.

दूधवाल्याचं तसं नाही. त्याला हे टेम्पोवाल्याच्या बायकोने सांगितलं. त्याची उलटतपासणी दोन मिनिटांत संपते. आपल्याकडे ती हिंदीत होते, म्हणून तशीच लिहितो.

"पैसे आपके सामने दिए गए?"

"नहीं साहब, भाभी ने बताया था."

"आपने खुद कुछ देखा?"

"नहीं."

एवढं झालं की खाली बसायचं. तिसरा प्रश्न विचारलात तर तो काहीतरी बोलून बसेल. बायको या दाव्यात पक्षकार नाही, तिचं वाक्य ही टेम्पोवाल्याची कबुली नाही. तिला जे माहीत आहे ते तिने येऊन सांगावं. आणि ती आली तरी दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतील. नवऱ्याने तिला जे सांगितलं ते पती-पत्नीमधलं संभाषण म्हणून कलम 128 खाली झाकलेलं आहे. तिने नोटा घरात येताना डोळ्यांनी पाहिल्या असतील तर ते संभाषण नव्हे, ते ती सांगू शकते.

म्हणून दूधवाला पूर्ण बाद? नाही. ऐकीवाचा सगळा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. समजा दूधवाल्याने काकूंना सांगितलं, "वो टेम्पो बेच रहा है," आणि काकूंनी दुसऱ्याच दिवशी वकिलामार्फत नोटीस पाठवली. टेम्पोवाल्याचा वकील विचारतो, पाच महिने गप्प होतात आणि अचानक नोटीस? हे भांडण रचलेलं आहे. आता काकू दूधवाल्याचं वाक्य कोर्टात सांगू शकतात, कारण टेम्पो खरंच विकायला काढला होता हे त्यांना सिद्ध करायचंच नाही. ते वाक्य कानावर पडलं आणि म्हणून मी घाबरून नोटीस दिली, एवढंच त्यांना दाखवायचंय. दूधवाला चुकीचं बोलला असला तरी काकूंचं घाबरणं खरंच राहतं. मलायातल्या सुब्रमण्यम खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1956 मध्ये हाच नियम घालून दिला. तिथे आरोपी म्हणत होता की दहशतवाद्यांनी धमकावल्यामुळे आपण दारूगोळा बाळगला. खालच्या कोर्टाने धमक्यांचे शब्द ऐकीव म्हणून अडवले. कौन्सिलने सांगितलं की धमकीतला मजकूर खरा होता का हा प्रश्नच नव्हता, धमकी दिली गेली का हा प्रश्न होता. तेव्हा एखादं वाक्य ऐकीव आहे का, असं नुसतं विचारू नका. ते कशासाठी आणलंय हे विचारा. एकाच साक्षीदाराचं एकच वाक्य एका कामासाठी बाद आणि दुसऱ्या कामासाठी ग्राह्य असू शकतं.

सासूबाईंच्या बाबतीत तर जवळजवळ सगळेच फसतात. "साक्षीदार मयत, म्हणून तिने सांगितलेलं चालतं," असं डोक्यात बसलेलं असतं. कलम 26, म्हणजे जुनं 32, काढून वाचा. मृत्यू ही फक्त पहिली अट आहे. त्यानंतर ते कथन ठरावीक प्रकारांपैकी एकात बसावं लागतं: स्वतःच्या मृत्यूच्या कारणाबद्दल, धंद्याच्या नेहमीच्या ओघात केलेलं, स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध जाणारं, नात्यागोत्याबद्दल, असे मोजके प्रकार. सासूबाईंनी लेकीला दुपारच्या चहाला सांगितलं, "सुनेने त्याला पैसे दिले, मी पाहिलं." यात त्यांच्या मृत्यूचं कारण नाही, धंदा नाही, त्यांचा तोटा नाही. बाद. वाईट वाटतं, कारण या सगळ्यांत बहुधा त्याच सर्वात खरं सांगत होत्या. पण त्यांची नजर किती अधू झाली होती, दारातून दिसत होतं का, हे आता कोण कोणाला विचारणार?

वहीबद्दल कलम 28 आहे. धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशोबवहीतली नोंद ग्राह्य आहे, पण केवळ तिच्या जोरावर कोणावर देणं बसवता येत नाही. कायद्यातल्या उदाहरणातही हेच आहे: अ हा ब वर 1,000 रुपयांचा दावा लावतो आणि स्वतःची वही दाखवतो, तेवढ्याने भागत नाही. मागचं कारण उघड आहे, नाहीतर कोणीही रात्री बसून शेजाऱ्याच्या नावावर लाख रुपये लिहील. काकूंची वही मी नेहमी पानापानाने पाहायला सांगतो. फराळाच्या ऑर्डरी, डाळीचं बिल, टेम्पोचं भाडं अशा रोजच्या नोंदींच्या मधोमध, त्याच शाईत, "टेम्पोवाला हातउसने 18,000" असेल तर तिला वजन आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर एकटीच नोंद असेल तर ती आणूच नका, उलटतपासणीत तीच गळ्याशी येईल. सुटे कागद तर वही म्हणून धरलेच जात नाहीत. व्ही. सी. शुक्ला प्रकरणात, म्हणजे जैन हवाला डायऱ्यांच्या खटल्यात, 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलंय.

व्हॉइस मेसेजमध्ये टेम्पोवाला म्हणतो, "काकू, जरा थांबा, दिवाळीनंतर बघतो." तुम्हाला वाटेल, आता दावा जिंकलाच. शब्द पुन्हा ऐका. काय बघतो? पैसे? की डब्यांचं राहिलेलं भाडं? मेसेज एकटा मुका आहे. त्याच्या आधी काकूंनी पाठवलेला मेसेज, "माझे अठरा हजार कधी देताय?" जोडला की तो बोलू लागतो. काकूंचा स्वतःचा मेसेज त्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून नव्हे, तर टेम्पोवाल्याचं उत्तर कशाला होतं हे कळावं म्हणून वाचायचा. पुन्हा तेच, कशासाठी आणलंय ते पाहा.

मेसेज कोर्टापुढे कसा ठेवायचा यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. स्क्रीनशॉट छापून जोडले आणि प्रमाणपत्र दिलंच नाही. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली आणि माझी पानं बाजूला पडली. अशिलाचा फोन मधल्या काळात बदललेला, जुना कोणाला तरी विकलेला. तेव्हापासून अशील आला की मी पहिलं वाक्य तेच बोलतो: फोन विकू नका, रीसेट करू नका, मेसेज पुसू नका. अन्वर पी. व्ही. निकालाने 2014 मध्ये आणि अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने 2020 मध्ये जुन्या 65-ब खालचं प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं. मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं तर त्याची गरज नाही, हेही खोतकर निकालातच आहे. आता कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. मी फोनही आणायला लावतो आणि प्रमाणपत्रही देतो. आवाज कोणाचा हा प्रश्न तरीही उरतोच. तो ओळखणारं कोणीतरी साक्षीत हवं, आणि रोज त्याच्याशी बोलणाऱ्या काकू ते काम करू शकतात.

(कलमांचे जुने-नवे आकडे दोन्ही पाठ ठेवा. नवा कायदा 1 जुलै 2024 पासून आला, पण त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणं 1872 च्या कायद्यानेच चालतात. एकाच सकाळी एकाच कोर्टात दोन्ही आकडे कानावर पडतात.)

आता काटा पाहू. काकूंची स्वतःची साक्ष, मावशींनी ऐकलेली कबुली, प्रश्नासकट मेसेज आणि आधाराला वही. पुरावा देण्याची पाळी टेम्पोवाल्याकडे गेली. तो पिंजऱ्यात आलाच नाही, तर विद्याधर विरुद्ध माणिकराव या 1999 च्या निकालाप्रमाणे कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. काकू जिंकतात. आता यातून मावशी आणि मेसेज काढून घ्या. उरते काकूंची साक्ष, त्याचा शपथेवरचा नकार आणि एकटी पुरत नाही अशी वही. दोघेही सारखेच विश्वासू वाटले तर काकू हरतात, आणि न्यायाधीश घरी जाताना मनात म्हणत असतील की बाई खरं बोलत होत्या बहुधा.

दुसऱ्या जवाबदाव्यात, "परत केले" या बाजूला, टेम्पोवाला आपल्या मित्राला आणतो. मित्र म्हणतो, "उसने मुझे उसी शाम बताया था कि काकू के पैसे लौटा दिए." मावशींच्या साक्षीसारखंच दिसतं ना? पण इथे बोलणारा स्वतःच्याच फायद्याचं बोलतोय, आणि कलम 19 प्रमाणे स्वतःचं कथन स्वतःच्या बाजूने सिद्ध करता येत नाही, मोजके अपवाद सोडून. मित्राने नोटा हातात देताना पाहिल्या असतील तरच त्याचा उपयोग.

पुढच्या वेळी येताना एवढं सोडवून आणा. टेम्पोवाल्याने पैसे काकूंच्या यजमानांना दिले असं तो म्हणतो. यजमान आता हयात नाहीत, पण मरण्याआधी ते शेजाऱ्याला म्हणाले होते, "त्या टेम्पोवाल्याचे पैसे आले हो." शेजारी साक्षीला तयार आहे. आर्थिक हिताविरुद्धचं कथन म्हणून हे कलम 26 मध्ये बसतं का? उत्तर लिहिण्याआधी एक पाहा: ते 18,000 काकूंच्या फराळाचे होते की दोघांच्या घरखर्चाच्या डब्यातले?